‘च’ची जागा

लिफ्टच्या कंपनीत पत्रव्यवहार सांभाळणाऱ्या बाईंना सगळे साखरबाई म्हणत, आणि त्याचा त्यांना राग येत नसे. उलट कुणी नवीन माणसानं घाबरत घाबरत "मॅडम" अशी हाक मारली, तर कोण आलं म्हणून त्याच मागे वळून बघायच्या.

नाव पडलं होतं ते त्यांच्या मेलींवरून. साखरबाईंची मेल म्हणजे पाहुणचारच हो! आधी तब्येतीची चौकशी, मग इमारतीच्या नव्या रंगाचं कौतुक, मग इतकी वर्षं आमच्यावर विश्वास टाकलात त्याबद्दल आभार, आणि असं सगळं आटोपल्यावर, चौथ्या परिच्छेदात, जाता जाता सांगितल्यासारखं, "शनिवारी लिफ्ट दिवसभर बंद राहील." त्या शनिवारी नवव्या मजल्यावरच्या कुटुंबाचा नवा सोफा आला. चौथ्या परिच्छेदापर्यंत कोण पोचणार? हमालांनी सोफा चौथ्या मजल्यापर्यंत चढवला, घाम पुसला आणि हात जोडून निघून गेले. दोन दिवस सोफा जिन्याच्या वळणावर पडून होता. तिथली पोरंटोरं त्यावर बसून अभ्यास करत होती म्हणे.

तेव्हापासून साहेबांनी फतवा काढला. ग्राहकाला जाणारी मेल फोनवर बोट न सरकवता सगळीच्या सगळी दिसली पाहिजे. साहेबांच्या तोंडून तो असा आला: "बोट लावावं लागता कामा नये आहे." साहेबांचं प्रत्येक वाक्य 'आहे'वर येऊन थांबायचं. लागो न लागो, 'आहे' यायचंच. "मला चहा हवा आहे", "हे चालणार नाही आहे", आणि एकदा तर चक्क "या बसा आहे". लिहितानाही तेच. कुणी हसत नसे, कारण पगारवाढीचं पत्रही तेच लिहीत.

फतव्यानं साखरबाईंचे पंख छाटले गेले, आणि त्याच सुमाराला तार आली.

तार म्हणजे नवी इंजिनिअर मुलगी. जुन्या काळी तार पाठवताना शब्दामागे दाम मोजावे लागत, तशी ही बोलायची. नाव कुणी ठेवलं कोण जाणे, पण चपखल बसलं. लिफ्टच्या खोलीत नुसती उभी राहिली तरी कुठला रोलर कुरकुरतोय ते सांगायची. कामाला वाघीण. पण लिहायला बसली की अंगावर काटा यायचा. एका सोसायटीनं तीन परिच्छेद भरून विचारलं होतं, की रात्री लिफ्टमधून घरघर येते, मुलं घाबरतात, काय करावं. तारेचं उत्तर: "आवाज लिफ्टचा नाही. तुमच्या पंपाचा आहे." बरोबर होतं, पंपाचाच होता. पण म्हणून काय झालं!

त्या बुधवारी सकाळी साहेबांनी साखरबाईंना काचेच्या केबिनमध्ये बोलावलं.

"सात मजली इमारतीच्या सचिवांची तक्रार आली आहे," ते म्हणाले. "पुन्हा आली आहे."

साखरबाईंना सचिव ठाऊक होते. निवृत्त हेडमास्तर. कमिटीच्या बैठकीत प्रत्येक मेल उभं राहून, चष्मा लावून, मोठ्यानं वाचून दाखवायचे, शाळेत सूचना वाचावी तशी. मागच्या महिन्यात त्यांनी बटण चालत नाही म्हणून लिहिलं होतं आणि तारेनं कळवलं होतं: "बटण खराब नाही. बोटानं नीट दाबा." सचिवांनी तेही इमानदारीनं मोठ्यानं वाचलं. सगळी बैठक हसली, आणि हसली ती हेडमास्तरांना.

"आज संध्याकाळी त्यांची बैठक आहे," साहेब म्हणाले. "आपल्याकडे देखभाल ठेवायची की नाही, ते ठरणार आहे. लिफ्ट काल बंद पडली आहे. त्या मुलीनं मेल लिहून ठेवली आहे, मी अडवली आहे. तुम्ही त्यात थोडी साखर घालायची आहे. पण लांबवायची नाही आहे. सोफा आठवतो आहे ना?"

"आठवतो."

"आणि हे दुसरं आहे." साहेबांनी आवाज उतरवला. "तिचं प्रोबेशन शुक्रवारी संपतं आहे. मी हे लिहून ठेवलं आहे. तुम्हाला पाठवलं आहे. बैठकीत पुन्हा हसं झालं, तर हे जाणार आहे. यातही थोडी साखर घाला, बिचारीला लागायला नको आहे."

साखरबाई जागेवर आल्या आणि साहेबांचं पत्र उघडलं. दोनच वाक्यं होती.

"आपला पत्रव्यवहार समाधानकारक नाही आहे. आपल्याला कायम करण्यात येत नाही आहे."

मागच्याच महिन्यात तारेनं आईला आपल्याकडे राहायला आणलं होतं. ही बातमीही तिनं अशीच दिली होती, "आई आली. खोली घेतली." एवढंच बोलली होती, पण त्या दिवशी डबा खाताना पहिल्यांदा हसली होती. आता या पत्रात कुठली साखर घालायची? विषात साखर घालून कुणाचं भलं झालंय? साखरबाईंनी ते पत्र बंद केलं आणि तारेच्या टेबलाजवळ खुर्ची ओढली. तिला यातलं काही सांगायचं नाही, हे त्यांनी खुर्ची ओढतानाच ठरवलं. घाबरलेलं माणूस आणखी तुटक लिहितं.

"दाखव तुझी मेल."

तारेनं संगणकाचा पडदा वळवला. वरचा नमस्कार आणि खालचं नाव कंपनीच्या साच्यातून आपोआप पडायचं. मधला मजकूर तेवढा तिचा.

"तुम्हीच दार अडवलं म्हणून पट्टी तुटली. नवी पट्टी शिल्लक नाही. शुक्रवारपर्यंत लिफ्ट चालू होणार नाही. तोपर्यंत जिना वापरा. पुन्हा फोन करू नका."

"अगं बाई," साखरबाई म्हणाल्या. "ही मेल आहे की फटके?"

"माहिती आहे."

"कसली पट्टी?"

"सेन्सरची. दाराच्या कडेला असते. दारात माणूस आला की तिला कळतं, दार थांबतं. तिथे फळी ठोकून दार अडवलं. पट्टीला तडा गेला. आता लिफ्टला वाटतं दारात कायम कुणीतरी आहे. दार मिटतच नाही."

एवढी वाक्यं तारेच्या तोंडून सलग ऐकून साखरबाई चाट पडल्या. लिफ्टबद्दल विचारलं की पोरगी खुलायची.

"मग यात थोडा बदल करू या."

"लांबवाल," तार म्हणाली. तिलाही सोफा माहीत होता. सोफा सगळ्यांनाच माहीत होता.

"एक शब्द वाढवणार नाही."

"अशक्य."

"लाव पैज," साखरबाई म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांत आता चमक आली होती. "बावीस शब्द आहेत तुझे, हे बघ, खाली आकडा दिसतोय. तेविसावा झाला तर आठवडाभर मी तुझ्यासारखं बोलेन."

तारेनं विचार केला. आठवडाभर साखरबाई गप्प! अख्ख्या मजल्याचं भलं होणार होतं. "आणि हरले तर?"

"एक फोन करायचास. मी सांगेन त्याला."

तारेचा चेहरा पडला. तिला फोनचा तिटकारा होता. पण पैज म्हणजे पैज. "चालेल," ती म्हणाली, आणि हाताची घडी घालून बसली.

"पहिलं काम," साखरबाई म्हणाल्या, "'नाही' शोध."

"शिल्लक नाही. होणार नाही. करू नका. तीन."

"बावीस शब्दांत तीन वेळा दार आपटलंस. पट्टी नाही म्हणतेस, मग काय करणार आहेस?"

"मागवलीय. उद्या संध्याकाळी येणार."

"मग तेच सांग की! 'नवी पट्टी मागवली आहे.' आणि शुक्रवारपर्यंत लिफ्ट होणार नाही, म्हणजे शुक्रवारी होणार ना?"

"हो."

"तर मग हेडमास्तरांना 'होणार नाही' वाचायला लावून वर 'पर्यंत'चं गणित कशाला घालतेस? 'शुक्रवारी लिफ्ट नक्की चालू करते.' आणि हे सगळ्यात वर. माणूस काय शोधत असतो? लिफ्ट कधी सुरू होणार. ते पहिल्या ओळीत मिळालं की पुढचं शांतपणे ऐकतो."

तारेनं ओठ आवळले. "'नक्की' नको."

"का गं?"

"पट्टी उद्या येईल असं पुरवठादार म्हणतो. पुरवठादार माझा मामा नाही."

पोरगी खरं बोलत होती. 'नक्की' ही त्यांची जुनी सवय. बशीत साखर सांडावी तशी त्या ती सगळीकडे सांडायच्या. आणि शुक्रवारी लिफ्ट चालू झाली नाही, तर हाच शब्द हेडमास्तर बैठकीत तीनदा वाचतील. "काढ," त्या म्हणाल्या. "जिंकलीस. खोटी ऊब नको."

तारेनं तो शब्द इतक्या आनंदानं खोडला की साखरबाईंना हसू आलं.

"पण यात 'मी' कुठाय?" तारेनं विचारलं. "तुम्ही म्हणता माणूस दिसला पाहिजे."

"'करते'त आहेस की. 'चालू करण्यात येईल' म्हटलं की कोण करणार, देव जाणे. 'चालू करते' म्हटलं की एक मुलगी हातात पाना घेऊन उभी दिसते. आपली भाषा फुकटात देते गं हे, शब्द मोजत नाही."

तार पहिल्यांदाच पडद्याकडे वाकली.

"आता जिना. 'जिना वापरा.' सात मजले! हेडमास्तरांचे गुडघे बघितलेस?"

"जिना वापरावाच लागेल."

"ते त्यांनाही कळतं. लिफ्ट बंद असताना जिना वापरायचा असतो हे सांगायला इंजिनिअर लागत नाही. 'तोपर्यंत जिन्याचा त्रास, माफ करा.'"

"माफी कशाची? चूक माझी नाही."

"चुकीची नाही मागत आपण, गुडघ्यांची मागतो आहोत. दोन्ही वेगळं. लिही."

तारेनं लिहिलं. मग दोघी पहिल्या वाक्याशी येऊन थांबल्या. "तुम्हीच दार अडवलं म्हणून पट्टी तुटली."

"हा जो 'च' आहे ना," साखरबाई म्हणाल्या, "हा सगळ्यात वाईट. 'तुम्ही' म्हटलं की बोट दाखवलं. 'तुम्हीच' म्हटलं की बोट डोळ्यात घातलं. कशाला उगाच त्या बिचाऱ्यांना..."

"त्यांनीच अडवलं."

"अगं, इमारतीतल्या कुणीतरी..."

"त्यांनी. स्वतः. सचिवांनी." तार शांतपणे म्हणाली. "मुलीचं कपाट न्यायचं होतं. फळी ठोकली. वॉचमननं सांगितलं."

साखरबाईंचा आ वासला. म्हणजे तो 'च' उर्मटपणाचा नव्हताच! पोरीनं आपली शुद्ध माहिती दिली होती. आणि तो माणूस ही मेल संध्याकाळी सगळ्यांपुढे उभं राहून, चष्मा लावून वाचणार होता: तुम्हीच दार अडवलं. साखरबाईंनी तोंडावर पदर धरला आणि खुर्चीत गदागदा हसल्या. तारेच्या ओठाचा एक कोपराही किंचित हलला.

"तरी काढायचा," डोळे पुसत साखरबाई म्हणाल्या. "खरा आहे म्हणूनच काढायचा. खोटा आरोप माणूस झटकून टाकतो, खरा मात्र रुततो. मग तो कबूल करायच्या ऐवजी भांडतो. त्याला स्वतःहून बोलायला जागा ठेव."

"पण सांगायला हवं. नाहीतर पुन्हा फळी ठोकतील."

"सांगू या की. काय झालं ते नको, काय होतं ते. 'दार अडवलं की पट्टी तुटते, सांभाळाल ना?'"

तारेनं ते दोनदा वाचलं. "यात कोणी नाही."

"आणि सगळे आहेत. ज्याला लागायचं त्याला लागेल."

शेवटी उरलं, "पुन्हा फोन करू नका."

"हे का लिहिलंस?"

"दिवसाला सहा फोन. मी शाफ्टमध्ये लटकलेली असते. हातात पाना, खिशात फोन."

"असं होय! मग ही अडचण तुझी आहे, आणि हुकूम त्यांना." साखरबाई जरा थांबल्या, आणि मग त्यांच्या चेहऱ्यावर असं काही हसू पसरलं की तार सावध झाली. "तो 'च' काढला होता ना, टाकून नाही द्यायचा. चांगला आहे तो. त्याची जागा चुकली होती फक्त. लिही: 'फोन मीच करेन.'"

"मी?"

"मीच. त्यांच्या डोक्यावरचा 'च' काढून आपल्या डोक्यावर घे. तू फोन करणार म्हटल्यावर ते कशाला करतील? पट्टी आली की एक फोन. पैजेचाच फोन समज."

"पैज अजून जिंकली नाहीत," तार म्हणाली, आणि खालच्या आकड्यावर बोट ठेवलं. तेवीस.

साखरबाईंनी चष्मा वर केला, खाली केला. खरंच तेवीस. 'नक्की' जाऊनही एक शब्द जास्त. तार मागे रेलली. तिच्या चेहऱ्यावर आठवडाभराची शांतता दिसू लागली होती.

"थांब, थांब," साखरबाई एकेका शब्दावरून बोट फिरवत म्हणाल्या, आणि 'मागवली आहे'शी थांबल्या. "हा कुठून आला? हा तर साहेबांचा शब्द!" आणि त्यांनी 'आहे' खोडला.

बावीस.

"शुक्रवारी लिफ्ट चालू करते. नवी पट्टी मागवली. तोपर्यंत जिन्याचा त्रास, माफ करा. दार अडवलं की पट्टी तुटते, सांभाळाल ना? फोन मीच करेन."

तार बराच वेळ बघत राहिली. "लांब वाटते," ती म्हणाली.

"मोज."

तिनं मोजली. पुन्हा मोजली. मग पाठवून दिली.

साहेबांनी आपल्या फोनवर ती बघितली आणि केबिनमधून बाहेर आले. "साखरबाई, ही लांबली आहे."

"तितकीच आहे, साहेब."

"आधीची इवलीशी होती आहे. ही पत्रासारखी आहे." साहेबांनी पडद्यावर बोट टेकवून एकेक शब्द मोजला, ओठ हलवत. बावीस. मग जुनी मोजली. बावीस. फोनमध्येच काही बिघाड असल्यासारखे ते त्याच्याकडे बघत आत गेले.

त्या संध्याकाळी साखरबाईंचं कशात लक्ष लागेना. सात मैलांवर कुठल्याशा हॉलमध्ये हेडमास्तर आता चष्मा पुसत असतील, आता उभे राहिले असतील. जेवताना नवऱ्यानं विचारलं, "आज गप्प का?" तर त्या म्हणाल्या, "तुम्हीच." आणि त्याचा चेहरा पडला हे बघून म्हणाल्या, "बघितलंत? एक अक्षर, आणि माणूस जेवणावरून उठायला तयार." तो बिचारा भात कालवत बसला. त्याला काहीच कळलं नाही. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर कळण्याचा त्याचा आग्रहही उरला नव्हता.

गुरुवारी सकाळी इमारतीकडून काहीच आलं नाही. तक्रार नाही, कौतुक नाही. साहेबांच्या टेबलावरचा फोन मुका. दुपार टळली तशी साखरबाईंना उगाच वाटू लागलं, की हसलेच असतील सगळे. 'सांभाळाल ना'ला हसले असतील. ते दोन 'नाही'वालं पत्र त्यांच्या पेटीत तसंच पडून होतं, आणि त्यात साखर कुठून सुरू करावी हे त्यांना अजून सुचत नव्हतं.

संध्याकाळी पट्टी आली. तारेनं खोकं उघडून पट्टी उजेडात धरून तपासली, मग फोन हातात घेऊन साखरबाईंच्या टेबलाशी येऊन उभी राहिली. इंजेक्शन घ्यायला आलेल्या मुलासारखी दिसत होती.

"पट्टी आली," ती फोनवर सचिवांना म्हणाली. "उद्या सकाळी येते." आणि ठेवला.

"अगं!" साखरबाई किंचाळल्याच. "कशा आहात, बैठक कशी झाली, काहीतरी!"

"पैजेत नव्हतं."

साखरबाईंनी कपाळावर हात मारला. मेलीत जे कमावलं ते पोरीनं एका फोनमध्ये घालवलं. आणि पाचच मिनिटांत काचेपलीकडे साहेबांचा फोन वाजला. साहेब उभे राहून बोलत होते. मग नुसतं ऐकत होते. मग त्यांनी काचेवर टकटक केली.

साखरबाई आत गेल्या त्या जीव मुठीत धरून.

"सचिवांचा फोन होता आहे," साहेब म्हणाले. "त्यांनी मेल बैठकीत वाचली आहे."

"हसले का?"

"नाही आहे. 'सांभाळाल ना' इथे ते थांबले म्हणे. मग चष्मा काढला आणि म्हणाले, दार मी अडवलं होतं. मुलीचं कपाट न्यायचं होतं. फळी मीच ठोकली." साहेबांचा स्वतःच्या कानांवर विश्वास बसत नव्हता, आणि ते 'आहे'ही विसरले होते. "सगळ्यांसमोर! हेडमास्तर! मग बाकीचेही म्हणाले, आम्हीही अडवतो. आता दारापाशी पाटी लावणार आहेत. देखभाल आपल्याकडेच ठेवली आहे."

"आणि आत्ताचा फोन?" साखरबाईंनी घाबरत विचारलं. "पोरगी जरा तुटक..."

"त्याचंच ते जास्त बोलत होते आहे. म्हणाले, आमची मुलगी असाच फोन करते. पोचले, उद्या येते, खटकन बंद. म्हणाले, घरचं कुणी बोलल्यासारखं वाटलं."

साखरबाई खुर्चीत बसल्या. त्यांना कुणी बसायला सांगितलं नव्हतं.

"मग ते दुसरं पत्र, साहेब?"

साहेब खिडकीबाहेर बघू लागले. आपण लिहिलेलं मागे घ्यायचं म्हणजे त्यांच्या जिवावर यायचं. "ते लिहून झालं आहे. नवीन लिहायचं म्हणजे..."

"नवीन कशाला? साखर घालून तयार आहे. एक शब्दही वाढवलेला नाही. आणते."

तयार काही नव्हतं. पण टेबलापाशी पोचेपर्यंत झालं. त्यांनी पत्र उघडलं, शोधायच्या चौकटीत 'नाही' लिहिलं, त्याच्या जागी घालायच्या चौकटीत काहीच लिहिलं नाही, आणि बटण दाबलं. दोन बदल झाले, असं यंत्रानं कळवलं. साखरबाईंनी ते साहेबांना परत पाठवलं.

"आपला पत्रव्यवहार समाधानकारक आहे. आपल्याला कायम करण्यात येत आहे."

साहेबांनी वाचलं. पुन्हा वाचलं. "हे मी लिहिलं आहे?"

"शब्द सगळे तुमचेच. उलट दोन कमीच झाले."

साहेब एकदम हसले. ते हसतात हे कंपनीत फार थोड्यांना माहीत होतं. हसता हसताच त्यांनी पत्र पाठवून दिलं, "मला चहा हवा आहे," म्हणाले, आणि साखरबाईंसाठीही सांगितला.

साखरबाई बाहेर आल्या तेव्हा तार पडद्यापुढे बसली होती. आनंदानं उडी मारेल अशी अपेक्षा कुणाचीच नव्हती, पण ती हलतही नव्हती. नाक पडद्याला लागेल इतकी वाकून, कुरकुरणारा रोलर शोधावा तसं ती ते दोन ओळींचं पत्र तपासत होती.

"ताई," तिनं हाक मारली. आजवर तिनं त्यांना कसलीच हाक मारली नव्हती. तिनं पडद्यावर बोट ठेवलं, 'समाधानकारक' आणि 'आहे'च्या मध्ये. मग खालच्या ओळीत, 'येत' आणि 'आहे'च्या मध्ये. "इथे जागा जास्त सुटलीय. दोन्हीकडे. एक शब्द काढल्यासारखी."

साखरबाईंनी वाकून बघितलं. शब्द गेला होता, पण त्याच्या अलीकडची आणि पलीकडची, दोन्ही मोकळ्या जागा तशाच राहिल्या होत्या. यंत्र मेलं हुशार नसतं ते असं.

"साहेबांना टाइप करता येतं कुठे," त्या म्हणाल्या. "अंगठा पडला असेल दोनदा."

तार त्यांच्याकडे बघत राहिली. तिनं ती जागा ओठांनी भरून बघितली, आवाज न करता, एकदा वर आणि एकदा खाली. तिला कळलं हे साखरबाईंना कळलं. मग तारेनं खुर्ची वळवली, आणि बराच वेळ पाठ करून बसली. पाने पुसण्याच्या फडक्यानं तिनं डोळे पुसले असावेत, कारण नंतर तिच्या गालावर काळा पट्टा दिसत होता.

निघायच्या वेळी साखरबाईंच्या पडद्यावर एक मेल येऊन पडली. तारेकडून. वर साच्यातला नमस्कार होता, खाली साच्यातलं नाव, आणि मध्ये एकच शब्द.

"तुम्हीच."

साखरबाईंनी चष्मा काढून पुसला, आणि सवयीनं बघितलं, की यात काही सुधारता येतं का. येत नव्हतं.